ग्रेड वाढवून दिलेल्या ऑफरला नाही म्हणायचं होतं, तेव्हा मी काय लिहिलं

ऑफर नाकारायची म्हणजे एक मेल टाकायचा आणि मोकळं व्हायचं, त्यात एवढं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण माझ्या केसमध्ये दोन गोष्टी अडचणीच्या होत्या. एक, त्या कंपनीत माझं नाव माझ्या जुन्या टीममधल्या मित्राने रेफर केलं होतं. आणि दुसरी जास्त अवघड, की पहिली ऑफर आली तेव्हा मी ग्रेडबद्दल विचारलं होतं, आणि तिथल्या मॅनेजर मॅडमनी वरती जाऊन, जवळजवळ भांडूनच म्हणा ना, माझं पद सीनियर टेस्टरवरून टेस्ट लीड करून आणलं होतं. सुधारलेलं ऑफर लेटर माझ्या हातात पडलं आणि त्यानंतर दुसऱ्या एका ठिकाणाहून उत्तर आलं, जिथली आशा मी केव्हाच सोडली होती.

ही पहिली कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. माल आला कधी, ठेवला कुठे, गेला कधी, हे सगळं. दुसरी कंपनी हॉस्पिटलमधल्या उपकरणांचं सॉफ्टवेअर करते, पेशंटच्या शेजारी जे मॉनिटर असतात त्याचं. मी टेस्टिंगमध्ये आहे आणि मला कधीपासून त्या बाजूला जायचं होतं, कारण तिथे टेस्टिंग म्हणजे रिलीजच्या आदल्या रात्री उरकायचं काम नसतं, प्रत्येक टेस्ट कुठल्या धोक्यासाठी लिहिली आणि ती पास झाल्याचा पुरावा कुठे आहे हे दाखवावं लागतं. पगार पहिल्या कंपनीचाच थोडा जास्त होता. हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे मेलमध्ये कारण काय लिहायचं ह्यावर सगळं अडलं होतं आणि तिथे हे कामाला आलं.

आता सगळ्यात आधी, दुसऱ्या ठिकाणाहून फोनवर "तुमचं सिलेक्शन झालंय, लेटर पाठवतो" असं आलं म्हणून मी पहिल्या ऑफरला लगेच नाही म्हटलं नाही. फोनवरचं सिलेक्शन हे सिलेक्शन नसतं, मंजुरी अडकते, बजेट गोठतं, लेटर येतच नाही, हे आजूबाजूला पाहिलेलं आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नव्हतं. पण पहिल्या ऑफरवर उत्तर द्यायची तारीख छापलेली होती आणि ती तोंडावर आली होती, म्हणून मी रिक्रूटरला मुदत वाढवून मागणारा मेल केला. तो मेल लिहितानाच मी एक पथ्य पाळलं, त्यात "मी खूप उत्सुक आहे, फक्त घरच्यांशी बोलायचंय" वगैरे काही लिहिलं नाही. लिहिलं एवढंच की मी आणखी एका प्रक्रियेच्या शेवटच्या टप्प्यात आहे, दोन्हीचा नीट विचार करूनच शब्द द्यायचाय, तर पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ मिळेल का. हे लिहिताना धाकधूक होती की ते ऑफरच मागे घेतील. तसं होऊ शकतं, त्यांना तो हक्क असतो, आणि ती जोखीम मी घेतली. पण त्याचा फायदा असा झाला की नंतरचा नकार त्यांच्यावर आकाशातून पडला नाही, आपण दोनातली एक आहोत हे त्यांना आधीच माहीत होतं. मुदत मागताना उत्साहाचं नाटक केलं असतं तर नकाराचा मेल कितीही गोड लिहून उपयोग नव्हता, कारण दोन्ही मेल एकाच थ्रेडमध्ये एकाखाली एक दिसतात.

दुसरं लेटर आलं, वाचलं, जॉइनिंगची तारीख आणि अटी नीट पाहिल्या, सही केली, आणि मग पहिल्यांना त्याच दिवशी कळवायचं ठरवलं. त्याच दिवशी का, तर माझ्या तेव्हाच्या टीमसाठी इंटरव्ह्यू पॅनलवर मी बसलेले आहे त्यामुळे पलीकडे काय चालतं ते माहितीये. एका जागेसाठी ऑफर निघते तेव्हा दुसऱ्या नंबरचा उमेदवार जवळजवळ नेहमी असतो, आणि त्याला कोणी "नाही" कळवलेलं नसतं, "प्रोसेस चालू आहे" असं सांगून धरून ठेवलेलं असतं. तो किती दिवस थांबेल ह्याचा भरवसा नसतो. म्हणजे मी उत्तराला जेवढे दिवस लावणार तेवढी त्यांची दुसऱ्या नंबरवाल्याला गमावण्याची शक्यता वाढणार, आणि तो गेला की मग परत जाहिरात, परत राउंड, परत त्याच पॅनलच्या लोकांचे तास. नकाराचा राग लोकांना फार येत नाही हो, उशिराचा येतो. मेलची भाषा ह्या मानाने नंतरची गोष्ट आहे.

मेलच्या आधी दोन माणसांशी बोलणं गरजेचं होतं.

पहिला माझा मित्र, ज्याने रेफर केलं. त्याला मॅडमकडून कॉफी मशीनपाशी कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं होतं. त्याला फोन करून सरळ सांगितलं की मी दुसरीकडे जातेय, आज मॅडमशी बोलणार आहे, तुला काही विचारलं तर जे आहे तेच सांग, माझी बाजू मांडायची गरज नाही. रेफरलचा बोनस उमेदवार जॉइन झाल्यावर मिळतो, म्हणजे त्याचं नुकसान झालंच, तेही बोलून टाकलं. तो म्हणाला "अगं ठीके, पण मॅडमशी फोनवर बोल हां, नुसता मेल नको टाकूस, त्यांनी खरंच खटपट केलीये." मी तेच करणार होते.

दुसऱ्या म्हणजे मॅडम स्वतः. इथे एक गोंधळ असतो की कळवायचं कोणाला, रिक्रूटरला की मॅनेजरला. ऑफर लेटर रिक्रूटरकडून आलेलं असतं त्यामुळे अधिकृत उत्तर त्यांनाच जायला हवं. पण ज्या माणसाने आपल्यासाठी शब्द टाकलाय त्याला हे सिस्टीमच्या नोटिफिकेशनमधून कळणं फार वाईट. त्यामुळे क्रम असा ठेवला, आधी मॅडमना फोन, फोन ठेवल्या ठेवल्या मेल, आणि सगळ्यात शेवटी त्या पोर्टलवरचं नकाराचं बटण. उलटा क्रम केला असता तर बटण दाबल्या दाबल्या सिस्टीमने त्यांना निरोप दिला असता आणि माझा फोन म्हणजे नुसती सारवासारव वाटली असती.

फोनवर मी पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगितला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण "कशा आहात, बिझी आहात का, एक बोलायचं होतं" असं लांबवत नेलं की समोरच्याला वाटतं जॉइनिंगची तारीख विचारायला फोन आलाय आणि मग त्या आनंदावर पाणी टाकणं आणखी अवघड होतं. म्हणाले, "मॅडम, ऑफरबद्दल फोन केलाय आणि बातमी चांगली नाहीये, मी दुसरीकडे जायचं ठरवलंय." थोडी शांतता. मग त्यांनी विचारलं तो प्रश्न मला अपेक्षितच होता, "काही बदलून दिलं तर विचार करशील का?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे आधी ठरलेलं नसेल तर माणूस फसतो. भिडेखातर "बघते, विचार करते" तोंडातून निघून जातं आणि तेवढ्यावर समोरची बाई परत वरती जाते, परत मंजुरी मागते, आणि मग दुसऱ्यांदा नाही म्हणायची वेळ येते. माझ्यासाठी एकदा त्यांनी ते केलेलंच होतं. म्हणून मी म्हणाले की नाही, बदलण्यासारखं त्यात काही नाहीये, क्षेत्रच वेगळं आहे, मला मेडिकलमध्ये जायचंय आणि ते तुम्ही मला देऊ शकत नाही, त्यामुळे प्लीज माझ्यासाठी परत कोणाशी बोलू नका. त्यावर त्या हसल्या की "बरं, हे तरी स्पष्ट आहे". कंपनीचं नाव त्यांनी विचारलं. मी क्षेत्र सांगितलं, नाव जॉइन झाल्यावर कळवते म्हटलं, कारण तिकडची माझी ऑफरसुद्धा व्हेरिफिकेशनवर अवलंबून होती आणि हे लहान जग आहे. त्यांनी मग जास्त ताणलं नाही.

आता मेल. ह्याचे कच्चे ड्राफ्ट मी आदल्या दिवसापासून खरडत होते आणि सुरुवातीचे सगळे वाईट होते. पहिला तर माफीनामाच झाला होता. लांबलचक, तीन वेळा सॉरी, मध्येच मी किती द्विधा मनस्थितीत होते त्याचं वर्णन, आणि नकार कुठे तर शेवटून दुसऱ्या ओळीत. वाचणाऱ्याने तो मोबाईलवर उघडला असता तर स्क्रोल करून करून शोधावं लागलं असतं की ही येतेय की नाही. शिवाय जास्त माफी मागितली की समोरच्यावर आपली समजूत काढायची जबाबदारी येते, म्हणजे नुकसान त्यांचं आणि धीर त्यांनीच द्यायचा.

पण खरी मारामारी कारणाच्या वाक्यावर झाली. मी जे जे लिहून खोडलं ते सांगते. "दुसरीकडे पॅकेज जास्त चांगलं आहे" हे खोटं होतं, आणि खरं असतं तरी लिहिलं नसतं, कारण पैसा हे कारण दिलं की तो सौदा चालू ठेवायचा इशारा होतो, रिक्रूटर आकडा वाढवून परत येणार आणि तेव्हा परत नाही म्हटलं की मग तुम्ही खोटं कारण दिलं होतं हे उघड. "घरगुती कारणामुळे" हे लोक सर्रास लिहितात. सुरक्षित वाटतं, पण चार आठवड्यांनी तुमच्या प्रोफाइलवर नवीन कंपनीचं नाव झळकतं आणि मॅडम तर ते बघणारच. "सध्या मला शक्य होणार नाही" ह्यातला "सध्या" दिसायला गरीब, पण वाचणारा विचारतो की मग कधी शक्य होईल, तारीख पुढे ढकलू का. आणि "तुमच्या टीमची टेस्टिंगची पद्धत मला जरा जुनी वाटली" हे खरं होतं थोडंसं, पण कोणी विचारलेलं नसताना नकाराच्या मेलमध्ये फीडबॅक द्यायला मी कोण.

तर मला हवं होतं असं कारण जे खरं असेल, एका वाक्यात मावेल, आणि जे दुरुस्त करणं समोरच्याच्या हातात नसेल. ही तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, कारण दुरुस्त होण्यासारखं कारण दिलं की समोरचा दुरुस्त करायला जातो, तो त्याचा चांगुलपणा असतो, आणि मग त्या चांगुलपणालाच आपण परत नाही म्हणतो. क्षेत्र बदलणं ह्या तिन्हीत बसत होतं. प्रत्येकाला असं तयार कारण मिळेल असं नाही, कधी खरं कारण हेच असतं की इंटरव्ह्यूमध्ये एक माणूस फार तुसडा वाटला. अशा वेळी कारण न देता "नीट विचार करून मी दुसरी संधी स्वीकारली आहे" एवढंच लिहावं असं माझं मत आहे. अर्धं कारण देण्यापेक्षा न दिलेलं बरं, आणि त्यात खोटंही काही नाही.

शेवटी जो मेल गेला तो असा:

विषय: टेस्ट लीड पदाची ऑफर – माझा निर्णय

नमस्कार मॅडम,

आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे लेखी कळवते आहे. टेस्ट लीड पदासाठीची तुमची ऑफर मी स्वीकारत नाहीये.

वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करण्याची संधी मला मिळाली आहे आणि पुढची काही वर्षं त्याच क्षेत्रात काम करायचं मी ठरवलं आहे.

माझ्या ग्रेडचा मुद्दा तुम्ही वरपर्यंत नेऊन मंजूर करून आणलात. मी तो विचारला तेव्हा ही दुसरी संधी समोर नव्हती, आणि तुम्ही घेतलेल्या त्रासाची मला पूर्ण जाणीव आहे. शेवटच्या राउंडमध्ये, स्कॅनरचं नेटवर्क मध्येच तुटलं तर एकच माल दोनदा कसा मोजला जातो, ह्यावर तुमच्या टीमशी झालेली चर्चा मला खूप आवडली.

ह्या जागेसाठी तुम्हाला पुढे जाता यावं म्हणून आजच कळवते आहे. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन सुरू झालं असेल तर कृपया थांबवावं.

मनापासून आभार.

बस. रिक्रूटर त्याच थ्रेडवर होत्या, ज्या मेलमध्ये ऑफर लेटर आलं त्यालाच रिप्लाय केला, म्हणजे कुठली ऑफर, कुठलं पद, हे शोधावं लागू नये. विषय बदलला कारण नुसता "रिप्लाय" असा मेल गर्दीत राहून जातो.

ह्यातल्या काही वाक्यांबद्दल सांगते. "स्वीकारत नाहीये" हे आधी "स्वीकारू शकत नाही" असं होतं. "शकत नाही" म्हटलं की वाटतं काहीतरी अडचण आहे आणि ती सुटली तर जमेल. निर्णय माझा आहे तर तसंच लिहिलेलं बरं, थोडं कडक वाटतं पण पुढच्या ओळीत मऊपणा येतोच.

ग्रेडच्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ते वगळायचा मोह होत होता, की कशाला आठवण करून द्या. पण त्यांच्या डोक्यात ते असणारच होतं, त्यांना वरच्यांना जाऊन सांगावं लागणार होतं की ज्या मुलीसाठी मी भांडले ती येत नाहीये, आणि वरचे म्हणणार की तिने आपली ऑफर वापरून दुसरीकडे भाव वाढवून घेतला. तसं झालेलं नव्हतं. मी ग्रेडचं विचारलं तेव्हा मला खरंच तिथे जायचं होतं. म्हणून ती एक ओळ मुद्दाम लेखी ठेवली, म्हणजे मॅडमना वाटलं तर मेल जसाच्या तसा पुढे पाठवता येईल. नकाराचा मेल फक्त ज्याला लिहिलाय तोच वाचत नाही, फॉरवर्ड होतो, हे धरूनच लिहायचा.

स्कॅनरच्या चर्चेचं वाक्यही त्यासाठीच. "तुमची टीम छान आहे, खूप शिकायला मिळालं" असं कुठल्याही कंपनीला चिकटवता येतं आणि वाचणाऱ्याला ते कळतं. नेमकी एक गोष्ट लिहिली की टीमला वाटतं ही बाई खरंच होती तिथे. पण एकच. चार गोष्टींची स्तुती केली की मग एवढं आवडलं तर येत का नाहीस असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे.

व्हेरिफिकेशनची ओळ बऱ्याच जणांना सुचत नाही. ऑफरच्या आधी किंवा सोबत आपण एक संमतीपत्र भरलेलं असतं आणि ते काम बहुतेकदा बाहेरच्या एजन्सीकडे जातं. इकडे आपण नाही म्हणून मोकळे होतो आणि तिकडे एजन्सीवाला आपल्या आताच्या ऑफिसच्या एचआरला फोन लावतो, की ह्या बाई तुमच्याकडे काम करतात का. मी तोवर राजीनामा दिलेला नव्हता. रिक्रूटरने उत्तरात लिहिलं की थांबवतेय, आणि माझी अपलोड केलेली कागदपत्रं काढून टाकायची असतील तर तसा वेगळा मेल करा, तोही केला.

"भविष्यात संधी असेल तर नक्की कळवा" हे वाक्य मी घातलं नाही, ते मुद्दाम. सगळे घालतात आणि त्यात वाईट काही नाही, पण नकार देतानाच पुढच्या नोकरीची खुंटी मारून ठेवल्यासारखं मला वाटतं. संबंध ठेवायचे असतील तर ते नंतर ठेवून दाखवता येतात.

मेल गेल्यावर पोर्टलवर गेले. तिथे नकाराचं बटण दाबलं की कारणांची यादी येते, पगार, ठिकाण, दुसरी ऑफर, वैयक्तिक, असं काहीतरी, आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे निवडलेलं रिपोर्टमध्ये जातं, कोणकोणत्या कारणाने किती ऑफर गेल्या असा हिशोब रिक्रूटरच्या टीमला द्यावा लागतो. म्हणून तिथेही "दुसरी ऑफर" हेच निवडलं, मेलमध्ये एक आणि यादीत भलतंच असं नको. खाली टिप्पणीचा रकाना होता, तिथे मेलमधलंच कारणाचं वाक्य टाकलं.

तरीही दुसऱ्या दिवशी रिक्रूटरचा मेल आलाच, की जॉइनिंग बोनस देता येईल, पुनर्विचार कराल का. मॅडमनी बहुतेक त्यांना सांगितलं नव्हतं, किंवा त्यांचं ते कामच आहे, प्रयत्न करणं. अशा वेळी पहिल्या मेलपेक्षा लांब उत्तर लिहिलं की कमकुवत दिसतं, नवीन कारणं जोडत गेलं की आणखीनच. मी तीन ओळी लिहिल्या: विचारल्याबद्दल धन्यवाद, माझा निर्णय क्षेत्राचा आहे त्यामुळे ऑफरमध्ये काही बदलल्याने तो बदलणार नाही, माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नका. त्यावर त्यांचं "समजलं, शुभेच्छा" आलं आणि ते प्रकरण मिटलं.

एक मर्यादा सांगायला हवी, हे सगळं मी पहिल्या ऑफरवर सही केलेली नव्हती म्हणून एवढं सोपं होतं. सही करून, जॉइनिंगची तारीख देऊन मग माघार घ्यायची असेल तर तो नकार राहत नाही, दिलेला शब्द मोडणं होतं. तेव्हा आधी सही केलेल्या कागदातल्या अटी वाचाव्या लागतात, नोटीस वगैरे काही लागू होतं का, काही रक्कम आधीच मिळाली असेल तर परत करायची का. आणि तिथे माफी खरीखुरी मागावी लागते. माझा वरचा मेल तिथे कॉपी करून चालणार नाही, फार थंड वाटेल.

मॅडमचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं होतं. दोनच ओळी, वाईट वाटलं पण निर्णय समजतो, आणि लवकर कळवलंस ते बरं केलंस, दुसरी उमेदवार अजून उपलब्ध आहे. ती दुसरी उमेदवार जॉइन झाली हे नंतर मित्राकडून कळलं, त्यामुळे माझ्या मनावरचं बरंच ओझं कमी झालं हे खोटं कशाला बोलू.

नवीन ठिकाणी रुजू झाल्यावर मी मॅडमना कनेक्शनची रिक्वेस्ट पाठवली, सोबत एक ओळ की कंपनीचं नाव कळवते म्हटलं होतं, ते हे. मुद्दाम जॉइन झाल्यावर पाठवली, नकाराच्या आठवड्यात ती पाठवणं म्हणजे चटका दिल्या दिल्या फुंकर घालायला गेल्यासारखं झालं असतं. त्यांनी स्वीकारली, अभिनंदन लिहिलं. मग बरेच महिने काहीच नाही, आणि ते साहजिक आहे, दर सणाला शुभेच्छा पाठवून संबंध टिकतात असं मला वाटत नाही.

मध्यंतरी त्यांनी त्यांच्या टीममधल्या एका टेस्टरचा लेख शेअर केला, बरोबर त्याच दोनदा मोजल्या जाणाऱ्या मालाच्या बगवर, मग मी त्याखाली आमच्याकडे मॉनिटरचं नेटवर्क तुटल्यावर जवळपास तसाच प्रॉब्लेम कसा येतो ते लिहिलं आणि आमची बरीच लांब चर्चा झाली. त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा मेसेज आला, की टीम वाढतेय, तुझ्या ओळखीत ऑटोमेशनवालं कोणी आहे का. माझ्या आधीच्या ऑफिसातली एक मैत्रीण शोधात होती. तिला न विचारता तिचं नाव द्यायचं नव्हतं, आधी तिला फोन केला, काम काय आहे, मॅडम कशा आहेत, ऑफर दिल्यावर शब्द कसा पाळतात, हे मला माहीत होतं तेवढं सांगितलं, ती हो म्हणाल्यावरच नंबर दिला. त्यांची पहिली फेरी झालीये, पुढचं त्या दोघींचं त्या बघतील. मैत्रिणीला मी एवढंच बजावलंय की दुसरीकडेही प्रोसेस चालू असेल तर पहिल्याच कॉलमध्ये सांगून टाक.